संचालकांसाठी एक पान

मी रुद्राणी हिरेमठ. लोकांच्या संगणकांत त्यांच्याच लेखी परवानगीने घुसायचं आणि कुठून घुसता आलं ते लिहून द्यायचं, हा माझा धंदा. आमच्या सोलापुरात हे कुणाला पटत नाही. माझी मावशी तर पाहुण्यांना सरळ सांगते, "कॉम्प्युटरचे क्लास घेते."

घुसायला मला कधी जड गेलं नाही. जड जातं ते पहिलं पान. अहवाल पन्नास पानांचा असो की शंभर, वरचे लोक वाचतात ते पहिलंच. आणि वरच्या लोकांना संगणकातलं काही कळत नाही, हे मला मान्य असलं तरी माझ्या डोक्याला मान्य नसतं. ते तापतंच.

यंदा काम होतं सीनामाई दूध संघाचं. संघाने सभासदांसाठी मोबाइलवरचं अ‍ॅप काढलं होतं: रोजचं दूध किती, फॅट किती, बिल कोणत्या बँक खात्यावर जाणार, सगळं त्यात. तपासणीच्या तिसऱ्या दिवशी मी चाचणीसाठी बनवलेल्या एका खोट्या सभासदाच्या नावाने आत गेले, अ‍ॅप संघाच्या संगणकाला पाठवतं त्या मागणीत फक्त सभासद क्रमांक बदलला, आणि दुसऱ्या चाचणी सभासदाचं बँक खातं बदलून टाकलं. क्रमांक आत आलेल्या माणसाचाच आहे का, हे अ‍ॅप तपासतच नव्हतं. म्हणजे कुणीही सभासद कुणाचंही बिल आपल्या खात्याकडे वळवू शकत होता.

अशी गोष्ट अहवालापर्यंत थांबत नाही. मी त्याच मिनिटाला संघाचे संगणक विभागप्रमुख धर्मपाल सरवदे यांना फोन केला.

"खातं बदलायची सोय आत्ता बंद करा," मी म्हटलं.

"मॅडम, ती चालू करायचा ठराव संचालक मंडळाचा. बंद करायलाही ठरावच लागतो. बुधवारी बैठक आहे." मग हळूच म्हणाले, "तोवर खातं बदललं की मी स्वतः त्या सभासदाला फोन करून विचारीन."

शुक्रवारी बिलं निघणार होती. म्हणजे बुधवारची बैठक चुकली तर गेलं.

मी आमच्या नेहमीच्या नमुन्यात पान लिहिलं. रंगीत तक्ता, धोक्याचे गुण दहापैकी, आणि खाली बेरीज: क्रिटिकल एक, हाय तीन, मीडियम सात, लो चौदा. ते घेऊन संघात गेले. सरवदेसाहेबांनी पान वाचलं, चष्मा काढला आणि हसायलाच लागले.

"आमच्याकडं हे काळ्यापांढऱ्या झेरॉक्सवर निघणार. लाल आणि हिरवा एकच दिसणार. आणि लो चौदा? दुधात फॅट लो लागलं की दूध परत जातं. मंडळी चौदावरच तास घालवतील. हाय तीन बघून म्हणतील, चला, तीन तरी बरे आले."

"मग वाचणाऱ्यांनी जरा डोकं लावावं!"

"वाचणारच नाहीत. सचिव त्रिंबकराव उभं राहून मोठ्यानं वाचतात, बाकीचे ऐकतात. ऐकून समजेल असं लिहा."

हे मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं. मी वही काढली. सरवदेसाहेब मात्र आता हसत नव्हते.

"अजून एक. माझं नाव कुठंच घालू नका," ते म्हणाले. "मंडळाची रीत ठरलेली आहे. काही बिघडलं की एक माणूस निलंबित करायचा आणि विषय संपला म्हणायचं. गेल्या वर्षी फॅटचं मशीन बिघडलं, तर केंद्रचालक घरी गेला. मशीन अजून तसंच आहे. माझी पोरगी बारावीला आहे, मॅडम."

त्यांनी कपाटातून दोन पत्रं दाखवली. अ‍ॅप सुरू करण्याआधी तपासून घ्या, असं त्यांनी मंडळाला दोनदा लिहिलं होतं. वार्षिक सभेत उद्घाटन करायची अध्यक्षांना घाई, म्हणून दोन्ही बाजूला पडली. माझं डोकं असं तापलं की पहिल्या ओळीत पत्रांच्या तारखाच घालाव्यात. पण तसं केलं तर अध्यक्षांचा अपमान होणार, आणि अपमानाचं उट्टं निघणार ते सरवद्यांवरच. माझा राग त्यांच्या नोकरीवर काढायचा मला काय अधिकार?

घरी बसून मी पान मोठ्याने वाचत लिहिलं. ऐकायला मावशीला बसवलं. जिथे ती "म्हंजे?" म्हणाली, ती ओळ खोडली. चार वेळा खोडलं. मग शेवटचा भाग एकटीनेच लिहिला आणि तो सरवदेसाहेबांना न दाखवता पाठवला. चुकलं असतं तर पाप माझ्याच माथी.

बुधवारी अध्यक्ष आबासाहेब मध्ये, भोवती संचालक. मी भिंतीला लागून, सरवदेसाहेब दाराशी. त्रिंबकराव वाचू लागले.

"आज कोणताही सभासद अ‍ॅपमधून दुसऱ्या सभासदाचे बँक खाते बदलू शकतो. हे आम्ही दोन चाचणी खात्यांवर करून पाहिले. आमच्याशिवाय कुणी असे केल्याची खूण सापडली नाही. परंतु नोंदी तीसच दिवसांच्या राहतात, त्याआधीचे सांगता येत नाही."

मंगळवेढ्याकडच्या रंभाबाई संचालक होत्या. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हंजे माजं खातं बी बदलतंय व्हय?"

"बदलतंय," मी म्हटलं. "अध्यक्षांचंही."

आबासाहेब सरळ बसले. संचालक मानसिंगराव टेबलावर हात आपटून म्हणाले, "हे कुणाच्या अमदानीत झालं? सरवदेंच्याच की! आदी त्यास्नी घरी बसवा. ठराव घ्या."

दाराशी सरवदेसाहेबांनी मान खाली घातली. मला बोलायचं होतं, फार बोलायचं होतं. मी त्रिंबकरावांना पानाचा खालचा भाग बोटाने दाखवला.

"पुढं वाचा की वो," रंभाबाई म्हणाल्या.

त्रिंबकराव वाचू लागले. "मंडळाने आज ठरवायचे. एक: अ‍ॅपमधील खाते बदल बंद करून तो केंद्रावर पासबुक बघून घेणे. करणार धर्मपाल सरवदे, आज संध्याकाळपर्यंत. दोन: अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीकडून दुरुस्ती करून घेणे. करणार धर्मपाल सरवदे, पंधरा दिवसांत. तीन: आमच्याकडून फेरतपासणी, तिला हजर धर्मपाल सरवदे. तोवर सोय बंदच. चार: यापुढे तपासल्याशिवाय काहीही सुरू करू नये, असा नियम करणे."

सरवदेसाहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी छताचा पंखा बघत बसले.

"मानसिंगराव," रंभाबाई म्हणाल्या, "ह्यास्नी घरी बसवलं, तर सांजच्याला ते बंद कोण करायचं? तुमी?"

कुणीतरी फसकन हसलं. मानसिंगराव स्वतःही हसले. "आपल्याला मोबाइलवर फोन घेता येतोय, तेवढंच लई झालं."

आबासाहेबांनी पान स्वतःकडे ओढून चौथा मुद्दा वाचला. "चौथ्याचा सूचक मी," ते म्हणाले. "घाई माझीच झाली होती. सरवदे, हितं काय उभे? जावा, बंद करून या."

सरवदेसाहेब पंधरा मिनिटांनी परत आले, "झालं" म्हणाले, आणि विषय पुढे सरकला.

मी जिन्यात गाठ पडायची वाट बघत थांबले. शिव्या खायची तयारी होती.

"नाव नको म्हटलं होतं मी," ते म्हणाले. "तुम्ही तीनदा घातलंत."

"चुकलं माझं. विचारायला हवं होतं."

ते दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. "अठरा वर्षं झाली मला इथं. त्रिंबकराव आत्ता इतिवृत्त लिहितायत, मी उभं राहून बघितलं. माझं नाव त्यात पहिल्यांदाच येतंय." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "आणि कामासाठी येतंय."