पाठ कापलेला शर्ट

डांबराच्या टोळीत सगळे तिला वहिनी म्हणत, अगदी बापाच्या वयाचा म्हातारबासुद्धा. टोळीतल्या निम्म्या लोकांच्या अंगावरचे शर्ट तिच्याच मशीनवर शिवलेले होते, मग मान द्यायलाच हवा. ती स्वतःही टोळीतलीच. डांबर पडायच्या आधी खडीवरची धूळ झाडत पुढं जायची, आणि मागून तिचा नवरा, लांबू, वाफाळतं डांबर दाताळ्यानं पसरत यायचा. वरून ऊन, खालून डांबर. भाकरीसारखं दोन्ही बाजूंनी भाजून निघायचं काम.

कापड घ्यायला गेली की वहिनी दुकानदाराशी गोड बोलत नसे. कापड ओठांना लावून फुंकर मारायची. पलीकडे धरलेल्या तळहाताला वारा लागला तर घ्यायचं, नाहीतर ठेव परत. "वहिनी, हे घ्या ना, चमकतंय बघा कसं," दुकानदार म्हणायचा. "चमकायला आम्ही काय नवरदेव आहोत?" विरळ विणीचं सुती कापड, फिका रंग, मनगटापर्यंत बाही, काखेत जादा पट्टी, आणि अंगापेक्षा एवढा मोठा शर्ट की चालताना आत वारा खेळला पाहिजे. खोचायचा नाही. डोक्यावर ओला पंचा, त्याचं टोक मानेवर सोडलेलं, आणि त्याच्यावर हेल्मेट. घाम यायचा आणि उडून जायचा. पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उरायचे. दुपारी शर्ट बदलायचा, पहिला पाण्यातून काढून झुडपावर टाकायचा, कारण मिठानं ताठलेलं कापड काख सोलून काढतं. हे कुणी शिकवलं नव्हतं. कातडीनं शिकवलं होतं.

मग कंपनीचे गणवेश आले.

भडक केशरी, गुळगुळीत, अंगाला घट्ट, पाठीवर कंपनीचं नाव आणि चमकत्या पट्ट्या. वहिनीनं फुंकर मारली. वारा गाल फुगवून परत तोंडातच आला.

"हे प्लास्टिक आहे," ती म्हणाली.

"पॉलिस्टर आहे, बाई. धुवायला सोपं," सेफ्टीसाहेब म्हणाले. ते गाडीची काच अर्धी खाली करून बोलत होते. आतल्या गारव्याची झुळूक बाहेर यायची आणि रस्त्यावर येऊन मरायची. "शर्ट खोचलेला, गळ्यापर्यंत बटणं. हेल्मेटखाली फडकी नकोत, फोटोत घाण दिसतं."

मुकादमाला टोळी छत्री म्हणायची. उन्हात त्याच्या डोक्यावरची छत्री कधी मिटायची नाही. तो हात जोडून "हो साहेब" एवढंच म्हणाला. चमकती पट्टी हवीच होती, गाड्यांच्या रस्त्यात उभं राहायचं तर माणूस दिसायला हवा. ती पट्टी सुती शर्टावर शिवली असती तर काय आभाळ कोसळणार होतं? पण हे विचारणार कोण, आणि ऐकणार कोण?

वहिनीनं आपल्या पद्धतीनं उत्तर दिलं. लांबूच्या गणवेशाची पाठ कापली, तिथं विरळ सुती कापड लावलं, चमकत्या पट्ट्या त्यावर परत शिवल्या. काखा उघडून सुती पट्ट्या घातल्या. समोरून कंपनी, मागून वहिनी. दोन दिवस लांबू टोळीत मिरवला. "बघा रे, पुढून साहेब आणि मागून माणूस!" म्हातारबा म्हणाला, "मलाही शिव गं. माझं पुढूनही माणूसच राहू दे."

तिसऱ्या दिवशी साहेबांनी फोटो काढायला टोळीला पाठमोरं उभं केलं. एका पाठीवर कंपनीचं नाव नव्हतं.

"कंपनीच्या मालाची नासधूस," ते म्हणाले. "उद्या नवा घालून आला नाही तर कामावर यायचंच नाही."

घरी लांबू नवा शर्ट घेऊन बसला. एकेक घास चिवडत जेवला. "अगं, उन्हाळाभर तर आहे काम. काढू कसंबसं."

"अहो, मग आत आपला सुती घाला," वहिनी म्हणाली. "घाम तरी प्यायला काहीतरी पाहिजे अंगाला."

हे तिचंच बोलणं. पुढं ते तिच्या कानात घण घालत राहिलं.

दुसऱ्या दिवशी उष्ण वारासुद्धा पडला होता. आतला सुती शर्ट घाम प्यायला, ओलाचिंब झाला, आणि पितच राहिला. पण त्या घामानं उडायचं कुठून? वर प्लास्टिकची भिंत, गळा बंद, कमरेला खोचलेलं. घाम उडाला नाही तर अंग निवत नाही. पाणी लांबू पीत होता, मीठ-साखर घातलेलं, वहिनीनंच दिलेलं. घाम शर्टातून ठिबकून पँटीत उतरत होता आणि आत माणूस शिजत होता. हेल्मेटखाली उघडं डोकं.

वहिनीनं मागं वळून पाहिलं तेव्हा लांबू रोलर फिरून गेलेल्या, तयार रस्त्यावर दाताळं ओढत होता. घासल्याचा आवाज येत होता नुसता.

"अहो, तिथं काय करताय? झालंय ते!"

"तू गप! आधी पाटाचं पाणी बंद कर," तो खेकसला. आसपास कुठं पाट नव्हता. आणि तो कधी खेकसत नसे.

"नाटकं सुरू झाली," छत्री म्हणाला.

लांबूचे गुडघे आधी गेले, मग हात. हात गरम डांबराच्या कडेला टेकला. बाही आकसली, कडक होऊन कातडीला चिकटली, आणि त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. त्याला कळत नाही हे बघूनच वहिनी घाबरली.

म्हातारबानं आणि तिनं त्याला ओढत पाण्याच्या टँकरच्या सावलीत नेलं. बटणं निघेनात, ओल्या काजात फुगून बसलेली. वहिनीनं कमरेच्या पिशवीतली कात्री काढली आणि केशरी शर्ट वरपासून खालपर्यंत फाडला, मग आतला आपण शिवलेलाही. चिकटलेली बाही तशीच ठेवली. आतून भट्टीचं दार उघडल्यासारखी वाफ आली. कुणीतरी त्याच्या तोंडात पाणी ओतायला गेला, तिनं हात झटकला. "शुद्ध नाहीये, घशात जाईल! अंगावर ओता!" ओले पंचे मानेवर, काखेत, जांघेत. टोपल्या, पत्रे, हातात येईल ते घेऊन लोक वारा घालत होते. छत्री येऊन उभा राहिला आणि आपली छत्री लांबूवर धरली. पहिल्यांदाच तो स्वतः उन्हात उभा होता.

लांबू जगला. जगला म्हणायचं. मूत्रपिंडं अर्धी गेली, बोलणं अडखळलं आणि हात थरथरू लागले. कंपनी म्हणाली, कामगार पुरेसं पाणी पीत नव्हता. साहेबांनी हे काच अर्धी खाली करूनच सांगितलं.

"मीच सांगितलं होतं आत घाला म्हणून," वहिनी म्हातारबाला म्हणाली.

"तू वरचा घालायला सांगितलंस का?" म्हातारबानं विचारलं. तिला ते पटलं नाही. पटणारही नाही. ज्यांना पटायला हवं ते गारव्यात बसलेत.

ती कामावर परतली त्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, म्हातारबा तिच्यासमोर येऊन पाठमोरा बसला. "काप."

तिनं कात्री चालवली. कंपनीचं नाव पाठीवरून सुटून मातीत पडलं. पट्ट्या तिनं नीट उसवून बाजूला ठेवल्या, त्या सुती पाठीवर लागणार होत्या. मग रोलरवाला आला. मग आणखी काही. सगळे नाही आले. काही जण लांबून, खोचलेल्या शर्टात, बघत राहिले. त्यांनाही पोरंबाळं होती. छत्रीनं तोंड दुसरीकडं फिरवलं, आणि एवढीच त्याची हिंमत.

म्हातारबानं कापलेला एक तुकडा उचलून तापलेल्या दाताळ्याचं लोखंड पुसायला घेतला. तुकडा जागीच आकसला, कडक झाला.

"चिंधी म्हणूनसुद्धा कामाचं नाही," तो म्हणाला आणि फेकून दिला.

संध्याकाळी वहिनी मशीनवर बसली. लांबू दारात बसून आपल्या शर्टाच्या बटणाशी झगडत होता. बोटं काजापर्यंत जायची आणि घसरायची. ती बराच वेळ बघत राहिली. मग उठली, तो शर्ट त्याच्या अंगावरून काढला, आणि फुंकर मारून निवडलेल्या कापडातून त्याच्यासाठी डोक्यातून घालायचा, बिनबटणाचा सदरा बेतायला घेतला.