मन्मथचं नाव

मोबाईलवर वकीलसाहेब एवढंच म्हणाले होते, "जनहित याचिका करायची तर त्यात तुमचा स्वतःचा फायदा नको." कावेरीनं ते मनावर घेतलं. दुसऱ्याच दिवशी तिनं अंगणवाडीतनं आपल्या मन्मथचं नाव काढलं आणि त्याला वडवणीच्या खाजगी बालवाडीत घातलं.

आता ती बीडला शफी वकिलांसमोर बसली होती. शफीसाहेब हायकोर्टाच्या खंडपीठात काम चालवत आणि शनिवारी बीडला येत. तिचं म्हणणं ऐकून त्यांनी चष्माच काढून ठेवला.

"नाव काढलं? काहून?"

"तुमीच म्हणलात ना, आपला फायदा नको."

"अहो ताई, फायदा नको म्हणजे खोटा हेतू नको! तुमच्या वस्तीतली अंगणवाडी बंद करून हायवेपल्याडच्या अंगणवाडीत मिसळायचा हुकूम निघाला. तुमचं लेकरू त्या पटावर होतं, म्हणजे हुकमाचा धक्का थेट तुम्हाला. अशा माणसाला आम्ही बाधित व्यक्ती म्हणतो. स्वतःच्या नावानं साधी रिट याचिका केली असती, तर 'तुम्ही कोण' म्हणून कुणी विचारलंच नसतं."

"आणि आता?"

"आता विचारतील."

कावेरी चक्रावली. लेकराचं नाव असलं तर स्वार्थ, नसलं तर ही कोण? मग कोर्टाला आई कसली लागते? शेजारी तिचा नवरा सिद्धाराम बसला होता, किराणा दुकानातला माणूस. तो म्हणाला, "साहेब, सोमवारी परत पटावर घालू की पोराला. हाय काय त्यात!"

"खटल्यासाठी घातलं असं दिसेल. आणि समजा चाललंही, तर सरकार म्हणेल, 'ताईंच्या मुलाला जायला-यायला गाडी देतो.' तुमचा प्रश्न संपला. बाकीच्यांचं काय?"

बाकीचे. वस्तीतले निम्मे आईबाप ऊसतोडीला गेलेले. लेकरं रुक्मिणीबाईसारख्या आज्यांजवळ. रुक्मिणीबाईला हायवे ओलांडताना स्वतःलाच कुणीतरी हात द्यावा लागायचा, आणि तिच्याजवळ तीन नातवंडं. परवा त्यातलंच एक धाकटं ट्रकपुढून कसंबसं ओढलं होतं.

"ते आईबापच का येत नाहीत, असं कोर्ट म्हणेल," वकील म्हणाले.

"कारखान्यावरनं? उसाच्या फडातनं? टोळी सोडून कोन येऊ देतंय त्यांना?"

शफीसाहेबांनी चष्मा परत चढवला. "हेच! ज्यांना गरिबीनं, लाचारीनं कोर्टाची पायरी चढता येत नाही, त्यांच्यासाठी दुसरं कुणीही प्रामाणिक माणूस येऊ शकतं. जनहित याचिका त्याच्यासाठीच असते. पण शपथेवर सगळं सांगायचं. मुलाचं नाव होतं, तुम्ही काढलं, का काढलं, सगळं."

"हसतील की सगळे!"

"हसू द्या. लपवलं आणि नंतर निघालं, तर याचिकाच जाईल."

तिनं सही केली.

खंडपीठात दोन न्यायमूर्ती होते. सरकारी वकील उठले आणि तिला ज्याची धास्ती होती तेच म्हणाले, "माय लॉर्ड, या बाई बाधित नाहीत. यांचं मूल त्या अंगणवाडीत नाहीच."

शफीसाहेबांनी तिच्या शपथपत्रातलं पान दाखवलं. एका न्यायमूर्तींनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि त्यांच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. कावेरीनं मान खाली घातली.

"यांनी स्वतःच सांगितलंय, वकीलसाहेब," ते सरकारी वकिलांना म्हणाले. "पण पालक का येऊ शकत नाहीत, त्याचं उत्तर तुमच्याकडे आहे?"

सरकारी वकील कागद चाळू लागले. बाईंना याचिकेचा अधिकार आहे की नाही हा मुद्दा पुढे पाहू, नोटीस काढा, आणि पुढच्या तारखेपर्यंत अंगणवाडी बंद करू नका, असं कोर्टानं सांगितलं.

परतीच्या एसटीत सिद्धाराम म्हणाला, "म्हंजे तू कोन ठरलीस?"

"न्हाई ठरले अजून."

"लई शिकलीस आन् हे झालं!" तो हसला, पण उतरताना तिची पिशवी त्यानंच घेतली.

दुसऱ्या दिवशी ती मन्मथला घेऊन अंगणवाडीवरनं चालली होती. दार उघडं होतं, खिचडीचा वास येत होता. मन्मथनं हात ओढला.

"सोड की ग आत," ओट्यावरनं रुक्मिणीबाई म्हणाली. "तुझ्यामुळंच तर उघडं हाय."

"थांबा मावशी, वकिलांना विचारते. त्यानं आत बसून खाल्लं तर चालतंय का ते."

"खिचडीला वकील?"

कावेरीनं फोन लावला. घंटी वाजत राहिली. आत रुक्मिणीबाईच्या नातवंडांनी सरकून जागा केली होती आणि मन्मथ ताटली पुढे करून बसलाही होता. तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "बोला ताई." आता हे आपल्या एकट्या लेकराचं म्हणून विचारावं की सगळ्या लेकरांचं म्हणून, हे तिला काही केल्या सुचेना.