चामड्याचा पट्टा

घड्याळं ऑनलाइन मागवायची अक्कल माझीच. २००९ साल होतं, पेठ वडगावात असला उद्योग करणारी माणसं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी होती आणि त्यांतला एक मी, याचा मला कोण अभिमान होता. ऐश्वर्या माझ्याहून चार वर्षांनी मोठी, तिला मी आक्का म्हणतो. तिचा साखरपुडा महिन्यावर आला होता. दादांचा, म्हणजे आमच्या वडलांचा कागलचा कारखाना मंदीत बंद पडलेला. त्यामुळं साडीपासून पेढ्यांपर्यंत सगळं दुसऱ्याच्या पैशानं आणि मर्जीनं ठरत होतं. आक्कानं मागितलं ते एकच. शिकवण्या घेऊन साठवलेल्या स्वतःच्या पैशातून तिला सारख्या घड्याळांची जोडी हवी होती, एक होणाऱ्या नवऱ्याला आणि एक तिला. साखरपुड्यात दोघांच्या हातांत ती दिसावी, एवढीच तिची हौस.

नेट कॅफेवाल्या बाळासोच्या क्रेडिट कार्डावर मी ऑर्डर दिली. पुरुषाचं घड्याळ बावीसशेचं, बाईचं अठराशेचं. दोन्ही एकदम घेतली तर बाराशेची सूट, त्याचं कूपन होतं. चार हजारांचा माल अठ्ठावीसशेत मिळाला. आक्कानं बाळासोला रोख मोजून दिले आणि मी आठवडाभर कॉलर ताठ करून फिरलो.

खोकं आलं त्या दिवशी दादा इचलकरंजीला, आक्काच्या सासरच्या पाहुण्यांकडेच निघाले होते. पोलादी पट्ट्याचं घड्याळ त्यांनी बरोबर नेलं आणि जावयाच्या हातात घातलंसुद्धा. आक्काचं उघडलं, तर पट्टा चामड्याचा. चित्रात तो मला नुसता तपकिरी दिसला होता. आम्ही जैन, आमच्या घरात चामडं येत नाही. आल्यागेल्याचा कमरेचा पट्टासुद्धा आमची आज्जी, रत्नाबाई, बाहेरच्या खुंटीला अडकवायला लावते. तिनं घड्याळाकडं बघितलं आणि म्हणाली, “चामडं हाय व्हय गं ते?” एवढंच. मग माळ घेऊन देवघरात गेली.

पुढचं सगळं मी बोललो. म्हटलं, “आक्का, परत पाठवू या. अठराशे येतील. त्यातनं कोल्हापुरात पोलादी पट्ट्याचं घे की.” तिनं घड्याळ एकदा मनगटाला नुसतं लावून बघितलं, बांधलं नाही, आणि खोक्यात ठेवलं. मी त्याच दुपारी कुरिअर केलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथं नवरा बिचारा शांत होता, उतावळा मेहुणा होता.

साखरपुड्याच्या तीन दिवस आधी बाळासोनं बोलावून मेल दाखवला. परत मिळाले होते सहाशे रुपये. मी तिथूनच कंपनीला फोन लावला, आवाज चढवला. पलीकडच्या मुलीनं न चिडता हिशेब सांगितला. कूपन दोन्ही वस्तू ठेवल्या तरच लागू. एक परत आली की सूट रद्द, ठेवलेल्या घड्याळाची पूर्ण किंमत बावीसशे, ती भरलेल्या अठ्ठावीसशेतून वजा. अट ऑर्डरच्या पानावर लिहिली होती म्हणे. बाळासोनं पान काढलं. होती. मी वाचलीच नव्हती. ते घड्याळच परत पाठवा म्हटलं, तर ते गोदामात जमा झालं होतं. नवी ऑर्डर द्या म्हणाली, अठराशे भरून.

दोन्ही परत केली असती तर पूर्ण पैसे आले असते. पण जावयाच्या हातातलं घड्याळ काढून आणायला कोण जाणार?

घरी येऊन आक्काला सांगितलं, तेव्हा ती भाकरी थापत होती. सहाशेच्या नोटा मी कट्ट्यावर ठेवल्या. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं विचारलं, “सहाशेत येतंय का एखादं?” जोडीचं येत नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं. त्या पैशांचे हार आणि विड्याचं सामान आलं.

साखरपुड्यात जावई सारखा बाही सावरून घड्याळ दाखवत होता. भला माणूस आहे. त्यानं आक्काला विचारलं, तुझं कुठं आहे? ती म्हणाली, मला हातात काही बांधलेलं आवडत नाही. मी शेजारी पाण्याचे ग्लास घेऊन उभा होतो.

पाहुणे गेल्यावर आज्जी माझ्याजवळ येऊन बसली. तिला कुणीच काही सांगितलं नव्हतं. तिनं विचारलं, “जिनेश, पोरीनं घड्याळ का रे न्हाय घातलं?” मी म्हटलं, परत केलं की, चामड्याचं होतं म्हणून.

“पट्टाच तेवढा चामड्याचा हुता की रे,” ती म्हणाली. “वडगावात घड्याळवाल्याकडं दुसरा घालून मिळतोय. मला वाटलं, तू त्यालाच घिऊन गेलास.”

आत आक्का भांडी घासत होती. तिचा हात थांबला, मग परत चालू झाला.