गालाच्या पेशीची आकृती

टेलरबाईंनी तीनदा खळखळून चूळ भरली, दातकोरणीचं बोथट टोक गालाच्या आतून हलकेच दोनदा फिरवलं आणि काचपट्टीवरच्या मिठाच्या पाण्याच्या थेंबात घोळवलं. वर मिथिलीन ब्लूचा एकच थेंब. शेजारच्या टेबलावरची मुलगी शाई सांडावी तसा रंग ओतत होती. टेलरबाईंनी मनगटावरच्या घड्याळात दोन मिनिटं मोजली, मग पातळ काचेच्या कव्हरस्लिपची एक कड आधी टेकवली आणि सुईने आधार देत ती हळूच खाली सोडली. कडेला आलेला जादा रंग टिपकागदाने टिपून घेतला.

हॉलमध्ये चोवीस मुलंमुली आणि टेलरबाई, असे पंचवीस जण प्रॅक्टिकल परीक्षेला बसले होते. बाकीचे सोळा वर्षांचे होते, टेलरबाई त्रेचाळीसच्या. त्या बाहेरून बसल्या होत्या. एका हॉस्पिटलच्या कपडेखात्यात त्या चादरी शिवायच्या, आणि त्याच हॉस्पिटलात येत्या महिन्यात लॅब टेक्निशियनचा वर्ग सुरू होणार होता. विज्ञान पास असल्याशिवाय तिथे दारातही उभं करत नव्हते. ही प्रॅक्टिकल गेली की वर्ष गेलं, आणि त्रेचाळिसाव्या वर्षी वर्षं अशी उधळायला कोणाकडे असतात.

त्यांनी आधी मायक्रोस्कोपच्या छोट्या भिंगाखाली पाहिलं. पहिलंच जे सापडलं ते चांगलं गोल गरगरीत, जाड काळ्या कडेचं होतं. तो हवेचा बुडबुडा, हे त्यांना दुसऱ्या सरावातच कळलं होतं. पट्टी जरा सरकवली तेव्हा पेशी आल्या. फिकट निळ्या, चपट्या, वेड्यावाकड्या. काही एकमेकींवर चढलेल्या, एकीची कड तर कापड दुमडावं तशी दुमडलेली. मोठं भिंग लावून, उजेड थोडा कमी करून त्यांनी एकच सुटी पेशी धरली. मध्याच्या जवळपास गडद निळा ठिपका, तो केंद्रक. भोवती फिकट पेशीद्रव्य. आणि बाहेरची कड. बाकी काही नाही. सुईत दोरा ओवताना जसा डोळा लावायच्या तसा त्यांनी पाच मिनिटं डोळा लावला. तरीही बाकी काही नाही.

म्हणून त्यांनी तेवढंच काढलं. दुमडलेल्या कडेसकट.

परीक्षक बाहेरच्या शाळेतून आलेले होते. माणूस वाईट नव्हता. दुपारचं जेवण लांबल्याने जरा कातावलेला, एवढंच. त्यांच्यामागे या शाळेच्या विज्ञानाच्या मॅडम गुणांचा तक्ता घेऊन चालत होत्या. तक्त्यात आकृतीला पाच गुण होते आणि पेशीच्या भागांची पाच नावं छापलेली होती: पेशीपटल, पेशीद्रव्य, केंद्रक, तंतुकणिका, गॉल्जीपिंड. मॅडम दरवर्षी फळ्यावर पाठ्यपुस्तकातली प्राणीपेशी काढायच्या, मुलं ती घोकून यायची आणि मायक्रोस्कोपखाली काय आहे याची कोणाला फिकीर नसायची. शेजारच्या मुलीच्या भिंगाखाली नुसता बुडबुडा होता. तिच्या वहीत मात्र पाचही नावांची सुबक आकृती होती. परीक्षकांनी भिंगात न बघताच तिला पाचपैकी पाच दिले.

टेलरबाईंकडे येऊन त्यांनी आधी स्लाइड पाहिली आणि त्यांची भुवई वर गेली. "स्लाइड छान झालीय हो," ते म्हणाले. मग त्यांनी वही पाहिली. "ही दोन नावं राहिली."

"राहिली नाहीत, सर. ती दिसली नाहीत."

मॅडमनी बेरीज केली. तोंडी परीक्षेत टेलरबाई गडबडल्या होत्या, क्षारांच्या प्रयोगातही दोन गुण गेले होते. "सतरा होतात," मॅडम दबक्या आवाजात म्हणाल्या. "पासला अठरा लागतात."

परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. "हे बघा बाई, घाई नाही. एक रेघ ओढा, तंतुकणिका लिहा. अठरा होतील आणि तुम्ही सुटाल."

टेलरबाईंनी पेन्सिल उचलली. खोटं कशाला सांगायचं, त्यांनी ती उचलली. एक रेघ. बाहीला बटण लावायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि खुर्ची मागे सरकवली.

"सर, तुम्ही दाखवा. तुम्ही दाखवलीत तर काढते."

परीक्षक पुन्हा भिंगाला डोळा लावून बसले, त्यांनी चाक मागेपुढे फिरवलं. "हे बघा, पेशीवर हे बारीक निळे ठिपके आहेत की."

"पाहिलेत मी. पट्टी थोडी डावीकडे सरकवा. पेशी नाही, नुसती काच आहे, तिथेही तेच ठिपके आहेत. पेशीच्या आतली वस्तू पेशीबाहेर कशी सांडेल? ते तोंडातले जंतू असतील, नाहीतर रंगाचे कण असतील. काय आहेत ते मी सांगू शकत नाही. पण ते पेशीचे आहेत असं मी लिहिणार नाही."

परीक्षकांनी पट्टी सरकवली. बराच वेळ ते वर आलेच नाहीत. आले तेव्हा आवाज उतरला होता. "या रंगात केंद्रक उठून दिसतं. तंतुकणिकेला दुसरा रंग लागतो, गॉल्जीपिंड तर असं बघून दिसणारच नाही. ते मलाही ठाऊक आहे. पण त्या पेशीत असतात, बाई. खोटं नाही ते."

"असतात, मान्य आहे. पुस्तकावर माझा राग नाही. पण इथे प्रश्नपत्रिकेत छापलंय, 'निरीक्षण करून आकृती काढा'. मी निरीक्षण केलं."

"तक्ता माझ्या हातात नाही."

"पेन तर तुमच्याच हातात आहे ना."

मॅडमनी टेलरबाईंच्या दंडाला हात लावला. "अहो, कशाला हट्ट? एका नावासाठी वर्ष घालवता?"

आता मात्र टेलरबाईंचा तोल सुटायला आला. त्या मोठ्याने बोलल्या नाहीत; त्यांना राग आला की आवाज उलट खाली जायचा. "माझ्या थोरल्या बहिणीच्या रक्ताची काचही कोणीतरी अशीच पाहिली होती, मॅडम. पाहिली म्हणजे, पाहिलीच नाही. वर नेहमीचं असतं ते लिहून टाकलं. सगळं ठीक. आम्हीही निश्चिंत राहिलो. पुढे पाच महिन्यांनी ती गेली. मला त्या खुर्चीत बसायचंय. तिथे मी जायचं ते पहिल्याच काचेवर खोटं लिहून?"

मॅडमनी हात काढून घेतला.

टेलरबाईंनी पिशवीतून पेन काढलं, पेन्सिल नव्हे, आणि आकृतीखाली शाईने लिहिलं: 'तंतुकणिका व गॉल्जीपिंड दिसले नाहीत.' खाली सही केली आणि वही परीक्षकांपुढे सरकवली.

परीक्षकांनी ती ओळ दोनदा वाचली. मॅडमकडे पाहिलं, मॅडम तक्त्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी पाचच्या घरात तीन लिहिले. बेरजेच्या घरात सतरा. लिहिताना त्यांचा कान लाल झाला होता, पण लिहिलं त्यांनी सतराच.

टेलरबाईंनी काचपट्टी धुवायच्या भांड्यात टाकली. या लोकांसमोर रडायचं नव्हतं. त्यांनी पिशवी खांद्याला लावली.

"पुढच्या वर्षी येईन, सर," त्या म्हणाल्या. "तोवर गालाच्या पेशी सगळ्या नव्या आलेल्या असतील. दिसेल मात्र एवढंच, आणि मी काढेन तेही एवढंच. तुम्ही तक्ता बदलून आणा."