आत्या माहेरी निघाल्या

बीडच्या दवाखान्यात सिस्टरने कागद पुढे केला तेव्हा आमचे हे खिडकीबाहेर बघत होते. म्हणून तो मीच घेतला. घरातल्या माणसाला विसरण्याचा आजार झाला, ते चिडायला लागलं, उठून घराबाहेर चालायला लागलं, तर काय करायचं ते त्यात सोप्या मराठीत छापलेलं होतं. सिस्टर म्हणाली, येता-जाता दिसेल असा चिकटवा. नांदूरघाटला घरी आल्यावर ह्यांनी तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवायला लावला. आल्यागेल्याला दिसायला नको म्हणे. आजार आईला आणि लाज लेकाला!

सासूबाईंना, म्हणजे छबुबाईंना, मी आत्या म्हणते. दिवस कलला की आत्यांची उलघाल सुरू व्हायची. "मला घरी जायचंय. लिंबागणेशला. पंडित वाट बघत असंल." लिंबागणेश त्यांचं माहेर, आणि पंडित हा त्यांचा धाकटा भाऊ. तो वारून बरीच वर्षं झाली. कागदात होतं, वाद घालू नका, चुका काढू नका, त्यांच्या मनात काय आहे त्यावर बोला आणि मग हळूच दुसरीकडे वळवा. मी विचारायची, "आत्या, पंडितमामाला काय आवडायचं खायला?" की त्या धपाट्यांचं सांगत बसायच्या. तोवर मी त्यांना पाणी पाजायची, लघवीला नेऊन आणायची, अंधारून यायच्या आत दिवे लावायची आणि पुढ्यात शेंगा ठेवायची सोलायला. रोज जमायचं असं नाही, पण पुष्कळदा जमायचं.

ह्यांना मात्र जमत नव्हतं. नाव घ्यायची वेळ आलीच आहे म्हणून सांगते, अंगद. माणूस मनाने वाईट नाही, पण आईने आपल्याला ओळखलंच पाहिजे असा हट्ट. "आई, पंडितमामा मेलाय. कितींदा सांगू? अन् मी कोण हाय? सांग बरं माजं नाव." आत्या भेदरून बघायच्या. त्यांचा भाऊ त्यांच्यासाठी त्या क्षणाला मरायचा. मग ऊर बडवून रडणं, आणि जवळ येईल त्याला मारणं.

मी एकदा तडकले. "खरं बोलायची एवढी हौस हाय ना तुमाला, मग गल्लीला सांगा की खरं!" कारण कागदात तेही होतं, शेजाऱ्यांना, दुकानदारांना सांगून ठेवा, तुमचा नंबर द्या. हे ऐकेनात. सायलीला, आमच्या लेकीला, स्थळं येत होती. "घराण्यात खूळ हाय म्हणतील." सायली स्वतः म्हणाली, "पप्पा, सांगा. ज्यांना आज्जी चालत न्हाई त्यांच्या घरी मला जायचंच न्हाई." पण लेकीचं ऐकतील तर हे कसले?

मग मला जमलं तेवढं मी केलं. दाराला घुंगरं बांधली, उघडलं की वाजावं म्हणून. आत्यांच्या चपला माळवदावर लपवल्या, कारण चपला दिसल्या की त्यांचा पाय निघायचा. रोजच्या लुगड्यांच्या पदराला आतून फोन नंबरची चिंधी शिवली.

सायलीला बघायला पाहुणे आले त्या दुपारी हे सगळं एका दमात मोडलं. घुंगरं ह्यांनी सकाळीच सोडली, "देवळासारखं कशाला वाजवायचं पाव्हण्यापुढं?" आत्यांना नेसवलं ठेवणीतलं हिरवं लुगडं, त्याला चिंधी नव्हती. पायात चपला घातल्या, कारण घरची म्हातारी अनवाणी कशी दिसेल? घर माणसांनी भरलं, आवाज वाढला, आणि आत्या "पंडित आला का?" म्हणून बैठकीत आल्या. ह्यांनी त्यांना आतल्या खोलीत नेलं आणि दातओठ खात म्हणाले, "तो मेलाय, आई. गप बस."

पाहुणे गेले. मी कपबशा उचलून आत गेले तर खोली रिकामी. उशीचा अभ्राही नव्हता.

न्हाणीघर पाहिलं, माळवद पाहिलं, गोठा पाहिला. हे म्हणाले, "थांब, गवगवा करू नको. मी मोटारसायकलवर बघून येतो." मी म्हटलं, "गवगवाच करायचा असतो! वेळ घालवू न्हाई, लगेच सांगावं लोकांना." सायली पोलिसांना फोन लावायला लागली होती. मी रस्त्यावर उभी राहून ओरडले, आमच्या आत्यांना विसरण्याचा आजार आहे, त्या घरातून गेल्यात, कुणी बघितल्या का?

समोरच्या बायनाबाई ओट्यावर गहू निवडत होत्या. सूप खाली ठेवून म्हणाल्या, "अगं बया! गेल्या की माझ्यासमोरून. हिरवं लुगडं, काखंत गाठोडं. मला वाटलं माहेराला निघाल्या. निघालेल्या माणसाला कुठं म्हणून विचारावं व्हय?"

हे आमच्याकडचं. निघणाऱ्याला "कुठं" विचारलं की काम मोडतं. म्हणून ओट्यावरच्या चार बायका नुसत्या हसल्या होत्या. त्यांतल्या एकीने आत्यांना जीपवाल्या जमीलच्या जीपमध्ये बसताना पाहिलं होतं. जमीलनेही विचारलं नव्हतं. आत्याच म्हणाल्या, लिंबागणेशला सोड, आणि त्याने त्यांना पुढच्या सीटवर बसवून, भाडंही न घेता सोडलं. फोनवर तो रडकुंडीला आला. "भाबी, कोणी सांगितलं असतं तर मी उतरूच दिलं नसतं." ह्यांनी ते ऐकलं.

शेजारून मागून आणलेल्या चारचाकीत आम्ही दोघंच होतो. सायली घरी थांबली, न जाणो आत्या परत आल्या तर. वाटेतली प्रत्येक विहीर दिसली की मी काचेतून वाकून बघायची.

पंडितमामांचं घर केव्हाच विकलं गेलंय, तिथे आता खताचं दुकान आहे. आत्या दुकानासमोरून दोनदा गेल्याचं दुकानदाराने सांगितलं. त्या आम्हाला गणपतीच्या देवळाबाहेर पायरीवर सापडल्या. ओठ सुकलेले, एका पायात चप्पल, मांडीवर अभ्र्याचं गाठोडं. पंडितसाठी त्यांनी त्यात शेंगा घेतल्या होत्या.

"आई!" म्हणत ह्यांनी धावत जाऊन दंड धरला. आत्या किंचाळल्या. "सोड! कोण हायेस तू? धावा रे!" माणसं जमली. एकाने ह्यांची गचांडी धरली. "बाई तर वळखत न्हाई म्हणतेत. तुमी कोण?"

मला वाटलं, आता हे चिडतील. पण ह्यांनी हात सोडले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माजी आई हाय. तिला विसरायचा आजार हाय. ती मला वळखत न्हाई." माणसं मागे सरली.

मग हे आत्यांच्या समोर, जरा लांब, खाली मातीत बसले. त्यांच्या डोळ्यांत बघत सावकाश म्हणाले, "बाई, मी गाडीवाला हाय. भिऊ नका. पाणी पिता का?"

आत्यांनी बराच वेळ त्यांना न्याहाळलं. पाणी प्यायल्या. "पंडित आला न्हाई अजून."

आता हे 'तो मेलाय' म्हणतात की काय! ह्यांनी बाटलीचं झाकण लावलं. "लई जीव हाय तुमचा पंडितवर."

"लई. कडंवर वाढवलाय त्याला मी."

"मग दमला असाल. चला, गाडीत बसून बोला त्याचं. मी ऐकतो."

आत्या उठल्या. परतीच्या वाटेवर मी त्यांच्याजवळ मागे बसले. त्या पंडितचं सांगत राहिल्या, त्याला पोहायला कसं शिकवलं, तो गोवराने तापला तेव्हा कशा जागल्या, आणि हे पुढून हुंकार देत राहिले. एकदाही म्हणाले नाहीत की तो मेलाय. एकदाही विचारलं नाही की मी कोण. आणि मला ते बघवत नव्हतं. आपणच जे करा म्हणून भांडलो ते नवरा करतोय, आणि ते करायला त्याला लेकपण बाजूला ठेवावं लागतंय, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

चौसाळ्याच्या पुढे अंधारून आलं. ह्यांनी गाडीतला दिवा लावला. आत्यांनी पुढे वाकून ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुला आई हाय का रे, बाबा?"

"हाय."

"सांग तिला, लेकरू गुणाचं निपजलं म्हणावं."

ह्यांनी गाडी हळू केली. आरशात मला त्यांचे डोळे दिसत होते.

"सांगतो, बाई," हे म्हणाले.