फसलेल्या सहलीची कॅप्शन

धाकट्या दिराचं मनगट मोडलं तेव्हा पाऊस इतका होता की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण हाडाचा आवाज थोरलीने, घरच्या मोठ्या सुनेने, ऐकला. तीन दिवस झाले तरी भांडी विसळताना तो मधेच कानात वाजायचा आणि हातातलं ताट निसटायचं.

रविवारी सकाळी नवरा अंघोळ करून बाहेर आला आणि त्याने फोन तिच्यासमोर टाकला. "सहलीचे फोटो टाक. चांगली कॅप्शन लिही, हसरी."

हे काम तिचंच होतं. जुन्या गाड्या विकायचं त्याचं दुकान, आणि दुकानाच्या इंटरनेटवरच्या पानावर गाड्यांइतकाच त्याचा संसार दिसायचा. कुटुंबवत्सल माणूस गाडी विकताना फसवणार नाही, असं गिऱ्हाइकांना वाटायचं. फोटो तो काढायचा, बोलायचा तोच, लिहायची ती. आणि लिहायची त्याच्या तोंडून, "मी" म्हणून. करणारी एक, मिरवणारा दुसरा.

"आणि ते धाकट्याचं घाल. थोडी जास्त झाली आणि साहेब घसरले, असं. गमतीत."

"ते थेंबभर पीत नाहीत," ती म्हणाली.

त्याने तिची वेणी मुठीत धरली आणि मान मागे खेचली. "मला विचारून लिहायचं की तुला?"

दारात सासूबाई उभ्या होत्या. गाडीत मागच्या सीटवर बसून त्यांनी सगळं पाहिलं होतं आणि दवाखान्यात "पाय घसरला हो" असं डॉक्टरांना त्यांनीच सांगितलं होतं. आताही त्या देवघराकडे वळल्या. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं असं म्हणतात; इथे तर दोन्ही बाब्ये त्यांचेच होते, फक्त एक मारणारा होता.

थोरलीला भीती वाटली, स्वतःसाठी आणि त्याहून जास्त दिरासाठी. तो काच कापण्याच्या कारखान्यात होता. तिथे एकाचा पंजा यंत्रात गेल्यापासून मालकाचा नियम एकच, दारू प्यायलेला माणूस पुन्हा आत येणार नाही. आणि मालकाने तिच्या नवऱ्याकडूनच गाडी घेतली होती, दुकानाचं पान तो रोज बघायचा. गमतीतली एक ओळ, आणि धाकट्याचं आयुष्य कचऱ्यात. धाकटा घरात बसून होता, हात गळ्यात बांधलेला. घडलं ते सांगायला गेला, तर आधी आईच त्याला खोटं पाडणार होती.

ती फोन घेऊन खिडकीपाशी बसली. हसरी कॅप्शन लिहायची तिची एक पद्धत होती. पहिल्या दोन ओळी खमंग हव्यात, कारण फोटोखाली तेवढ्याच दिसतात. पुढचं वाचायला "आणखी" या शब्दावर बोट लावावं लागतं. नंतर एकेक फजिती, लहान ती आधी, मोठी शेवटी. नुसतं दुःख लिहायचं नाही, माणूस काय करत होता ते लिहायचं. हसायचं ते स्वतःला. आणि शेवटी वाचणाऱ्याला प्रश्न, म्हणजे लोक उत्तर लिहितात.

तिला आणखी एक गोष्ट ठाऊक होती. इतक्या वर्षांत नवऱ्याने "आणखी"वर कधी बोट लावलं नव्हतं.

तिने सहा फोटो क्रमाने लावले. निघतानाचे सगळे दात काढून, पंक्चर टायर, छत्री, बादल्या, टॉवेल गुंडाळून बसलेला धाकटा, घरी आल्यावरची चिखलाने माखलेली गाडी. आणि लिहिलं:

"ज्या सहलीत सगळं बिनसतं, तीच जन्मभर आठवते म्हणतात. आमचीही आठवणार. काय काय झालं, तुम्हीच वाचा.

पहिल्या तासात टायर बसला. मग वायपर तुटला, तेव्हा आईने खिडकीतून हात काढून छत्रीच्या टोकाने काच पुसली, आणि आम्ही हसून हसून लोळलो. जी खोली घेतली होती तिचं छप्पर गळत होतं. मधे बादल्या आणि भोवती आम्ही, असे झोपलो. टपटप ऐकत धाकट्याने भुताची गोष्ट सांगितली.

परतताना पूल पाण्याखाली होता. मी म्हणालो, घालतो गाडी. धाकट्याने किल्ली काढून घेतली आणि तो खाली उतरला. मी चाकाचा पाना घेऊन मागे गेलो. पहिला फटका मनगटावर मारला. किल्ली सुटली नाही, म्हणून दुसराही तिथेच. तो चिखलात पडला तरी मूठ बंदच होती, मग मी लाथा घातल्या. तेवढ्यात पुलाचा मधला भाग पाण्याबरोबर गेला.

तो प्यायला नव्हता. घसरला नव्हता. गाडीतले सगळे जिवंत घरी आलो ते त्याच्या त्या मुठीमुळे, म्हणून ही आठवण आनंदाची. पाचव्या फोटोत टॉवेलखाली तोच हात आहे.

तुमची कुठली सहल अशी फसली होती? खाली नक्की लिहा."

"दाखव," नवरा म्हणाला. त्याने सगळे फोटो पाहिले, खालच्या दोन ओळी वाचल्या. "फक्कड. धाकट्याचं घातलंस ना?"

"सगळं घातलंय."

त्याने स्वतःच्या अंगठ्याने कॅप्शन पाठवून दिली.

तासाभरात अंगठे आणि बदाम यांचा पाऊस पडला. "मस्त कुटुंब!" "असेच फिरत राहा!" वाचलं कुणीच नव्हतं. तो खुर्चीत रेलून एकेक वाचून दाखवत होता, आणि थोरलीला वाटू लागलं की आपण एवढा जीव धोक्यात घातला तो पालथ्या घड्यावर पाणी.

मग एका गिऱ्हाइकाने लिहिलं, "साहेब, हे खरं आहे?" दुसऱ्याने लिहिलं, "आणखी दाबा रे सगळे." आणि तिसरा होता कारखान्याचा मालक. "धाकट्याला निरोप द्या. हात बरा होईल तेव्हा या, जागा तुमचीच आहे. तोवर पगार चालू."

नवऱ्याने ते मोठ्याने वाचलं. मग त्याचं बोट पहिल्यांदा "आणखी"वर गेलं. वाचताना त्याचे ओठ हलत होते.

पहिली चपराक तिच्या कानावर बसली. दुसरी तोंडावर, मुठीने. ती कपाटावर आदळली, ओठ दातात चिरला आणि रक्त हनुवटीवरून पदरावर आलं. त्याने तिला केसांना धरून उठवलं आणि केस न सोडता फोन तिच्या छातीवर आपटला. कॅप्शन कुठून बदलायची, कुठून काढायची, यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. कधी शिकायची गरजच पडली नव्हती.

"पुसून टाक. आत्ताच्या आत्ता."

"पुसून टाक ग बाई, वाद वाढवू नकोस," देवघरातून सासूबाई म्हणाल्या.

थोरलीने फोन हातात घेतला. तिला आता रडू येत नव्हतं, नुसता संताप होता. तिने कॅमेरा स्वतःकडे वळवला. फुटलेला ओठ आला, सुजलेला गाल आला, आणि खांद्यामागून तिचे केस धरलेली त्याची मूठ, घड्याळासकट. फोटो तिने त्या सहा फोटोंखाली, लोक लिहीत होते तिथेच टाकला. तिच्या डोक्याआड पडदा त्याला दिसत नव्हता; त्याला वाटलं ती पुसतेय.

सवयीने तिने याही फोटोला कॅप्शन लिहिली, त्याच्याच तोंडून. "सहल अजून चालू आहे. घरी या."

पाठवलं, आणि फोन त्याच्या हातात परत दिला.