चित्रांच्या कप्प्यावरची पाटी

शाळेच्या ग्रंथपालबाईंच्या डोक्यात एकदा का संशयाचा किडा वळवळला, की त्याचा छडा लागेपर्यंत त्यांना घास गोड लागत नसे. हा किडा तर अकरा दिवस वळवळत होता.

नववीतली एक मुलगी रोज मधल्या सुट्टीत यायची, चित्रकादंबऱ्यांच्या कप्प्यातून तेच एक मोठं पुस्तक काढायची आणि खिडकीजवळ ते उभं धरून बसायची. वर्गात तिला 'अडखळ' म्हणत, कारण मोठ्याने वाचताना ती ओळीओळीला अडखळायची. वर्षाच्या सुरुवातीला पुस्तक म्हटलं की ही चार हात लांब. मग बाईंनीच एक चित्रकादंबरी तिच्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, "नुसती चित्रं बघ, मी काही विचारणार नाही." सहा महिन्यांत पोरीने अर्धा कप्पा फस्त केला. बाईंना कोण आनंद झाला होता!

आणि आता हे. चित्रांच्या पानाला लागून लागून किती वेळ लागणार? दोन मिनिटं, फार तर तीन. हिचं पान अख्ख्या सुट्टीत हलत नव्हतं. डोळे मात्र खाली, आणि हात पुस्तकाआड. बाई नोंदवही पुढे ओढून लिहायचं सोंग करत आणि चष्म्यावरून टक लावून बघत.

भाषेच्या सरांनी निकाल आधीच देऊन टाकला होता. "बाई, तुमची लाडकी पुस्तकाआड मोबाइल बघते. चित्रांच्या नादाला लावलं की आणखी काय होणार?" कप्प्याला त्यांचा पहिल्यापासून विरोध. त्यांनी मुख्याध्यापिकांचे कान भरले आणि हुकूम निघाला: मोबाइल सापडला तर शनिवारी कप्पा रिकामा. हा कप्पा मिळवायला बाईंनी दोन वर्षं चपला झिजवल्या होत्या. पोरगी खोटी निघाली तर सगळंच मुसळ केरात.

शुक्रवारी त्या आवाज न करता तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"हातात काय आहे, दाखव."

पोरगी दचकली. चित्रांचं पुस्तक आडवं झालं आणि त्याच्या आत दिसली चारशे पानांची, बारीक टाइपाची कादंबरी. त्या चित्रकादंबरीची मूळ गोष्ट. खालच्या फळीवर सहा वर्षं धूळ खात पडलेली.

बाईंचा विश्वास बसेना. "हे माझ्या नोंदीत नाही."

"घरी नेत नाही बाई. नकाशांच्या मागे ठेवते."

"वाचतेस, की नुसतं धरून बसतेस?"

पोरीने चित्रांचं पान उघडलं. "इथे गोष्टीतली मुलगी बापाचं पत्र वाचते आणि दिवा मालवते. सहा चौकटी, शब्द एकही नाही. मला वाटलं ती चिडलीये. पण जाड पुस्तकात इथे तीन पानं आहेत, आणि तिला सुटल्यासारखं वाटतंय. म्हणून चित्र परत बघितलं. तिचे खांदे बघा ना."

बाईंनी बघितलं. शेवटच्या चौकटीत खांदे सैल पडले होते. हे पुस्तक त्यांनी स्वतः तीनदा वाचलं होतं आणि ते खांदे त्यांना कधी दिसले नव्हते. त्यांचा ऊर भरून आला.

"चल, आत्ताच्या आत्ता सरांना दाखवू."

पोरीने दोन्ही पुस्तकं छातीशी धरली. "नको. मला कप्पा बंद होईल."

"कोण म्हणालं असं?"

तिने वर बोट दाखवलं. कप्प्यावर बाईंच्याच वळणदार अक्षरातली कागदी पाटी होती: 'ज्यांना वाचायला आवडत नाही त्यांच्यासाठी. गोडी लागली की खऱ्या पुस्तकांकडे वळा.' सरांची समजूत काढायला लिहिलेली दोन वाक्यं.

"मला गोडी लागली हे कुणाला कळलं तर?" पोरगी म्हणाली. "मला दोन्ही पाहिजेत."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. अकरा दिवस त्या चोर शोधत होत्या, आणि पोरीला लपायला लावलं होतं त्यांनीच. त्या स्टुलावर चढल्या, पाटी उचकटून काढली आणि खाली येऊन तिच्या कार्डावर दोन्ही पुस्तकं चढवली.

पोरीने कार्ड दोनदा वाचलं. मग भिंतीकडे बघितलं. "उद्या परत लावाल."

"नाही लावणार."

"मग पाटी मला द्या."

बाईंनी ती निमूट दिली. तिने घडी करून जाड पुस्तकात खुणेला घातली.

तेवढ्यात दारात सर. "काय, सापडला का मोबाइल?"

बाई काही बोलणार, तर पोरीने खुणेचं पान उघडलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीला अडखळली. सर सवयीने चूक सुधारायला पुढे झाले, तशी तिने हात वर करून त्यांना थांबवलं, तो शब्द पुन्हा घेतला आणि पुढे वाचत राहिली.